आमची वाटचाल : काचेत दिसणारा समोरचा रस्ता

आमचा स्टुडिओ म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि दोन कॉम्प्युटर. कपड्यांच्या दुकानांच्या दर्शनी शोकेसची थ्रीडी चित्रं आम्ही करतो. सुतार आणि इलेक्ट्रिशियन कामाला लागण्याआधी पुतळे कुठे उभे राहणार, कुणाच्या अंगावर काय, फोकस कुठून मारायचे, हे शेठना पडद्यावर दाखवायचं. आधी मी हेच जलरंगात करायचे. भावाने कॉम्प्युटर आणला तेव्हा चित्रं इतकी खरी दिसायला लागली की आम्हीच त्यांना फसलो. ती गोष्ट सांगते, कारण आमचं आजचं सगळं काम तिच्यातूनच आलं आहे.

पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचं एक दुकान. दिवाळीचा शोकेस हवा होता, पण दुकानाचं नूतनीकरण चालू असल्यामुळे आम्ही मोजमापं घ्यायला गेलो मे महिन्याच्या मध्याला, भर दुपारी. तीन पुतळे ठरले : एक नऊवारीतली बाई, एक गडद जांभळ्या पैठणीतली आणि मध्ये परकर-पोलक्यातली लहान मुलगी. मागे मरून मखमलीचा पडदा, वरून वॉर्म व्हाईट फोकस, खाली पणत्या. चित्र असं उतरलं की शेठनी ते मोबाइलवर घरच्यांना दाखवलं. त्या चित्रात एकच गोष्ट नव्हती, काच. काच घातली की रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चित्र घडवतो तेव्हा, दाणे येतात, वेळ तिप्पट लागतो, म्हणून आम्ही ती काढून टाकली होती. काच पारदर्शकच तर असते, हा आमचा विचार.

दिवाळीच्या आधी पंधरवडा शोकेस उघडला. रात्री हुबेहूब चित्रासारखा. दुसऱ्या दिवशी साडेबाराला शेठचा फोन : "ताई, जरा येऊन बघून जा." जाऊन पाहिलं तर काचेत समोरच्या इमारतीच्या खिडक्या, वाळत घातलेले टॉवेल, समोरच्या दुकानाची पाटी आणि हेल्मेट घातलेली मी. पैठणी शोधावी लागत होती. शेठ म्हणाले, "समोरच्याची जाहिरात माझ्या काचेत लागलीय. तिचं भाडं कोणाकडून घेऊ?"

भाऊ उजेड मोजणारा लक्स मीटर घेऊन आला आणि आकड्यांनी आमची जिरवली. साधी काच समोरून पाहिली तर तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी साधारण 8 टक्के परत फेकते. दोन्ही पृष्ठभागांचे चार-चार. ऐकायला कमी वाटतं. पण समोरच्या फिकट भिंतीवर ऊन पडलं होतं आणि मीटर 50 हजारांच्या पुढे गेला होता. आमचे फोकस पैठणीवर जेमतेम हजार लक्स पाडत होते. त्या भिंतीचे 8 टक्केही पैठणीला झाकून टाकायला पुरेसे होते. शिवाय रस्त्याने चालणारं गिऱ्हाईक काचेकडे तिरकं बघतं, आणि नजर जितकी तिरकी तितकी काच जास्त आरसा होते.

मग मे महिन्यात हे का दिसलं नाही? लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम जातो आणि हे दुकान उत्तरेकडे तोंड करून आहे. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेच शून्य सावलीचे दिवस. ऊन भिंतींवरून नुसतं घसरतं, समोरची भिंत तशी निस्तेज राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून 57 अंशांच्या आसपास, आणि समोरच्या इमारतीच्या दक्षिणमुखी तोंडावर थेट ऊन मारतो. म्हणजे ऐन सीझनमध्ये काचेतलं प्रतिबिंब सगळ्यात दांडगं. रस्त्याच्या पलीकडच्या दुकानांचं दुखणं वेगळं : त्यांच्या शोकेसमध्ये ऊन शिरतं आणि साड्यांचे रंग उडतात.

शेठ म्हणाले, फोकस वाढवा. वाढवून काही होण्यासारखं नव्हतं. दुपारी भिंतीशी स्पर्धा करायची तर इतके दिवे लागतील की आतल्या पुतळ्यांना घाम फुटेल. खरा गुन्हेगार मखमल होती. प्रतिबिंब सगळ्या काचेवर सारखंच असतं, पण ते दिसतं गडद जागेवर. फिकट कापडामागे तेच प्रतिबिंब विरून जातं, कारण दुपारी रस्त्यावरून आत येणारा भरपूर उजेड फिकट कापड परत फेकतं आणि मखमल गिळून टाकते. आम्ही मरून पडदा काढून हस्तिदंती खादी लावली, पैठणी काचेपासून जवळपास हातभर अंतरावर आणली आणि तिच्या पदराची जरीची बाजू पुढे केली. आमच्या खर्चाने. प्रतिबिंब गेलं नाही, पण पैठणी दिसायला लागली. (संक्रांतीला प्रत्येकाला शोकेसमध्ये काळी चंद्रकळा हवी असते. काळ्या साडीमागे काळा पडदा लावू नका, एवढं मी पायरीवर उभी राहून सांगते.)

तेव्हापासून आम्ही काच लावल्याशिवाय चित्र देत नाही, आणि एका शोकेसची तीन चित्रं देतो : दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेसहा, रात्री नऊ. सूर्य मोजणीच्या दिवसाचा नाही, सणाच्या तारखेचा. समोरच्या इमारतीचे फोटो दुकानाच्या पायरीवरून, एकाच जागेवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरला घेतो. सुरुवातीला तो फोटो गोलाकार आभाळासारखा भोवती गुंडाळून टाकत होतो. मग कॅमेरा हलवला की प्रतिबिंब कॅमेऱ्यासोबतच सरकत राहायचं, कारण सगळा रस्ता अनंत अंतरावर आहे असं कॉम्प्युटर धरून चालायचा. आता समोरच्या भिंतीचं अंतर टेपने मोजतो, तेवढ्याच अंतरावर सपाट भिंत उभी करतो आणि फोटो तिच्यावर चिकटवतो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काचेची आणखी एक खोड आहे. `IOR` म्हणजे अपवर्तनांक 1.5 ठेवून खरी काच लावली की आतल्या वस्तूंपर्यंत बाहेरचा उजेड नीट पोचत नाही, पुतळे काळवंडतात, ठिपके उडतात. त्यावर `Light Path` नोडचं `Is Shadow Ray` जोडून सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक करायची. हे केलं की दुपारचं चित्र खरं येतं. दुपारचं चित्र खरं म्हणजे बहुतेक वेळा कुरूप.

संध्याकाळचं चित्र मात्र सगळ्यांना आवडतं. आभाळ निळसर झालेलं, आतले 3000 केल्व्हिनचे दिवे त्याच्यापुढे मधासारखे दिसतात, काचेत रस्ता अजून अंधूक आहे. इथे एकच पथ्य : जरीला रुंद पॅनेल चालत नाही, बारीक झोताचा फोकस लागतो, नाहीतर जर पिवळ्या दोऱ्यासारखी मेलेली दिसते. आणि लाल साड्यांसाठी स्वस्त एलईडी नको; लाल रंग नीट न दाखवणाऱ्या दिव्याखाली कुंकवाचा रंग विटकरी होतो.

मागच्या वर्षी एका दुकानाने काच वरच्या बाजूने सात अंश रस्त्याकडे झुकवायला मान्यता दिली. मग गिऱ्हाइकाला समोरची भिंत न दिसता काळा डांबरी रस्ता दिसतो, आणि तो मंद असल्यामुळे शोकेस दुपारीही उघडा राहतो. चित्रात मस्त जमलं. प्रत्यक्षातही जमलं, सकाळी अकरापर्यंत. नंतर दारासमोर दुचाक्यांची रांग लागली आणि सगळ्या टाक्यांवरची चमक काचेत उतरली. पुढच्या चित्रात आम्ही आधी स्कूटर उभ्या केल्या, मग पुतळे.