प्रीप्रिंटचा रजिस्टर्ड रिपोर्ट करताना: माझा अनुभव

रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये डेटा गोळा करण्याआधीच अभ्यासाची योजना समीक्षेला जाते, हा स्टेज वन. योजना पटली की निकाल काहीही आला तरी लेख छापायची तयारी नियतकालिक दाखवतं, ही तत्त्वतः स्वीकृती. निकालांसह पूर्ण लेख म्हणजे स्टेज टू. आमच्या प्रीप्रिंटमधला, म्हणजे समीक्षेआधी ऑनलाइन ठेवलेल्या लेखातला, प्रश्न साधा होता: धडा पुन्हा वाचण्याऐवजी स्वतःची चाचणी घेतली, तर आठवड्यानंतर जास्त आठवतं का? प्रत्येक गटात 40 जण आणि प्रभावाचा आकार, म्हणजे कोहेनचा d, 0.62.

पहिला गैरसमज इथेच होतो. हाच मजकूर भविष्यकाळात लिहिला की स्टेज वन तयार होत नाही. निकाल पाहून झालेल्या डेटावर तोच प्रश्न नोंदवता येत नाही. त्यामुळे जुना प्रयोग ‘पायलट’ म्हणून ठेवला, प्रीप्रिंटचा दुवा उघडपणे दिला आणि नवीन नमुन्याची योजना आखली. प्रीप्रिंट लपवण्यात अर्थ नाही, समीक्षक शोधतातच.

सगळ्यात जास्त वेळ नमुन्याच्या आकाराने खाल्ला. पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता. 0.62 धरून 90 टक्के पॉवरसाठी गटाला 56 जण पुरतात, आणि मोह तिथेच होतो. पण 40-40 जणांवरच्या त्या आकड्याचा 95 टक्के विश्वासांतराल साधारण 0.17 ते 1.07 इतका ऐसपैस आहे. म्हणून पायलटचा आकडा सोडून ‘यापेक्षा लहान फरक वर्गात कामाचा नाही’ अशी सीमा ठरवली: 0.3. तिचं समर्थन परिच्छेदभर लिहावं लागतं. नुसतं ‘लहान परिणाम’ म्हणून भागत नाही.

```r
power.t.test(delta = 0.3, sd = 1, power = 0.9)
```

उत्तर: गटाला 235. पण फरक सापडला नाही तर काय म्हणणार? p 0.05 च्या वर गेला म्हणजे परिणाम नाही, असं ठरत नाही. त्यासाठी ±0.3 च्या सीमांची समतुल्यता चाचणी, म्हणजे फरक या सीमांच्या आतच आहे का हे पाहणारी चाचणी, योजनेत घातली. खरा फरक शून्य धरून तिला 90 टक्के पॉवर द्यायला गटाला 242 लागतात, म्हणून मोठा आकडा घेतला. आठवड्यानंतर न परतणारे 10 टक्के धरले, की भरती गटाला 269.

आराखड्याच्या तक्त्यात प्रत्येक गृहीतकासमोर नमुना, चाचणी आणि निकालाचा अर्थ एकाच ओळीत येतो. तिथे आमची भोकं उघडी पडली. ‘लक्ष न देणारे वगळू’ असं प्रीप्रिंटमध्ये होतं. आता ‘लक्ष तपासणाऱ्या तीनपैकी दोन प्रश्न चुकलेले’ असं लिहिलं. चौथं गृहीतक होतं चिंतेच्या पातळीबद्दल. ते मुळात आलेख पाहून सुचलेलं, त्याला स्वतःची पॉवर नव्हती. सरळ काढलं. स्टेज टूमध्ये ते ‘शोधक विश्लेषण’ या वेगळ्या मथळ्याखाली येऊ शकतं.

विश्लेषणाचा कोड बनावट डेटावर आधी चालवा. आमच्या कोडमध्ये गटांची नावं उलट लागली होती. तत्त्वतः स्वीकृतीनंतर हे लक्षात आलं असतं, तर डेटा गोळा करण्याआधी संपादकांची परवानगी मागत बसावं लागलं असतं.