100 नग, दहा सुगंध आणि दहा दिवस

हाताने केलेल्या साबणांच्या एका छोट्या उद्योगात घाऊक ऑर्डरींची ईमेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. एका दुकानदारीणबाईंची चौकशी आली : 100 नग हवेत, दहा सुगंधांत प्रत्येकी दहा, 40 टक्के सूट आणि माल दहा दिवसांत. चारही गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या होत्या. अडचण एवढीच, की त्या चारही एकत्र जमत नव्हत्या.

आधी नगांचं बघितलं. आमच्या एका साच्यातून 24 वड्या निघतात आणि एका खोक्यात 12 बसतात. म्हणून किमान प्रमाण दोन ठिकाणी लावावं लागतं : एका सुगंधाच्या किमान 12, एकूण ऑर्डर किमान 48, आणि पुढेही 12च्या पटीत. नुसतं ‘किमान 48’ लिहिलं, तर कुणीतरी बारा सुगंध चार-चार मागतोच. बाईंचे 100 नग खोक्यांत बसत नव्हते. 96 किंवा 108 बसत होते.

मग दर. किरकोळ किंमत 100 धरली, तर 48 ते 84 नगांना 65, 96 ते 228 नगांना 60 आणि 240पासून पुढे 55. पायऱ्या अशा लावल्या की काठावर एक गंमत होते. 84 नगांचे 5,460 होतात आणि 96 नगांचे 5,760. म्हणजे आणखी बारा वड्या जेमतेम 300ला, नगामागे 25ला पडतात. सुटे नग दिले असते, तर 90 नगांचे 5,850 झाले असते, 96पेक्षाही जास्त! खोक्याची अट त्यासाठीही उपयोगी पडते. 84 नग मागणाऱ्याला हे आपणहून सांगावं. नंतर त्याच्या लक्षात आलं, तर पुढच्या प्रत्येक बिलाकडे तो संशयाने बघतो.

सूट हा शब्दही मी मोघम ठेवत नाही. 60ला घेऊन 100ला विकलं, तर विक्रीच्या किमतीवर 40 टक्के सुटतात. खरेदीच्या किमतीवर तेच जवळजवळ 67 टक्के होतात. दोघांनी वेगवेगळे टक्के मनात धरले की भांडण ठरलेलं. म्हणून ईमेलमध्ये टक्के लिहायचेच नाहीत, नगाचा दर लिहायचा, आणि कर व वाहतूक त्यात धरलेली आहे की वेगळी, तेही त्याच ओळीत.

खरी अडचण दिवसांची होती. सहा सुगंध पिकून तयार होते, चार नव्हते. थंड पद्धतीचा साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो. आम्ही सहा धरतो. या काळात वडीतलं पाणी उडतं, ती कडक होते आणि वजन घटतं. घाईने गुंडाळलेली वडी वेष्टनातच आकसते, पट्टी सैल पडते आणि वजन लेबलवर छापल्यापेक्षा कमी भरतं. मग तक्रार दुकानात येते, तीही बाईंच्या नावाने.

त्यामुळे उत्तर असं गेलं :

‘सप्रेम नमस्कार. आपल्या मागणीचे दोन भाग सुचवत आहे. पहिला भाग : तयार सहा सुगंध, त्यांतले दोन प्रत्येकी 24 आणि चार प्रत्येकी 12, एकूण 96 नग. पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून कामाच्या दोन दिवसांत माल आमच्याकडून निघेल. दुसरा भाग : उरलेले चार सुगंध, प्रत्येकी 12, एकूण 48 नग. निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्यापासून सात आठवड्यांत माल निघेल. उरलेली रक्कम माल निघण्यापूर्वी द्यावी. दोन्ही भाग एकत्र पक्के केल्यास सगळ्या 144 नगांना 60चा दर लागेल. दुसरा भाग नंतर वेगळा मागवल्यास त्याला 65. कर व वाहतूक खर्च वेगळा. हे दर 15 दिवसांसाठी आहेत.’

‘निघेल’ हे क्रियापद मुद्दाम आहे. ‘पोहोचेल’ लिहिलं, की वाहतूकदाराचा उशीरही आपल्या माथी येतो. दिवस मोजायला सुरुवातही पैसे जमा झाल्यापासून. ईमेलच्या तारखेपासून मोजले, तर पैसे पाठवायला लागलेला आठवडा आपल्या वाळवणीतून जातो.

दुसरा भाग रद्द झाला असता, तरी पहिले 96 स्वतःच्या बळावर 60च्या पायरीत बसत होते. पहिला भाग 72चा असता, तर हा सवलतीचा दर मी दिला नसता. दिलाच, तर रद्द केल्यास फरक भरावा लागेल, अशी ओळ वर टाकली असती.

बाईंचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं : ‘दोन्ही भाग पक्के करा. पण दुसरा भाग चार आठवड्यांत नाही का जमणार?’ मी वजन घटण्याचं कारण दोन ओळींत लिहिलं आणि सात आठवडे कायम ठेवले. पहिल्या भागाची पूर्ण आणि दुसऱ्याची निम्मी रक्कम आली, त्याच दिवशी चार साचे ओतायला सांगितले.