तुम्ही विचारलंत म्हणून : पस्तीस मिलिमीटर

“जिन्यातल्या दोन पायऱ्या कमी केल्या तर काय बिघडतंय? दीड फूट जागा वाचतीय की!”

घरांचे नकाशे काढण्यात माझी तीस वर्षे गेली आणि कोल्हापुरातल्या पेठांमधल्या अरुंद जागांवर हा हिशेब माझ्यासमोर इतक्या वेळा मांडला गेला आहे, की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. वाचणारी जागा खरी आहे, हे आधीच मान्य करतो. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची 3060 मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांना अर्धा इंच जास्त, असे धरू. तिचे अठरा भाग केले की प्रत्येक पायरी 170 मिलिमीटर चढते. मध्ये लँडिंग ठेवून नऊ-नऊचे दोन भाग केले, तर प्रत्येक भागात पाय ठेवण्याच्या जागा आठच येतात, कारण नववा चढ लँडिंगवर किंवा मजल्यावरच संपतो. पायरीची रुंदी 275 धरली की एका भागाची लांबी 2200 मिलिमीटर होते. तुम्ही म्हणता तशा सोळाच पायऱ्या घेतल्या आणि रुंदी 250 वर आणली, तर तीच लांबी 1750 होते. साडेचारशे मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, हातात येतात आणि पंधरा फुटी जागेत तेवढ्याने न्हाणीघराचे दार नीट उघडू लागते, हे मला दिसते.

मात्र 3060 ला सोळाने भागल्यावर प्रत्येक पायरीची उंची 191 च्या वर जाते. घरगुती जिन्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेने कमाल उंची 190 आणि किमान रुंदी 250 मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे तुमचा जिना एका मापात हद्दीच्या बाहेर आणि दुसऱ्या मापात हद्दीच्या काठावर उभा राहतो. हद्द ही शेवटची मर्यादा असते, सोयीचे माप तिच्या बरेच आत असते. म्हणून जागा खरोखरच नसली तर मी सतरा पायऱ्यांपर्यंत येतो, 180 उंची आणि 260 रुंदी देतो, आणि त्याखाली जात नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे जुना वाडा. “आमची आजी नव्वदीपर्यंत भिंतीतला जिना चढत होती,” असे मला सांगितले जाते. चढत होती, हे खरे आहे. उतरताना ती कशी उतरत होती, हे आठवून पाहा. एक हात दोरावर, अंग तिरके, पाऊल आडवे, आणि पुष्कळदा तोंड पायऱ्यांकडे करून, शिडीवरून उतरावे तसे. चढताना अंगाचा तोल पुढे असतो आणि पावलाचा पुढचा भाग टेकला तरी भागते. उतरताना मात्र सगळे वजन पायरीच्या कडेपाशी येते आणि तिथे पावलाला पुरेशी जागा नसेल तर ते कडेवरून सरकते. मोठ्या माणसाचे पाऊल साधारण 250-260 मिलिमीटर लांब असते, आणि पायरीची रुंदी मी एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत आडव्या रेषेत मोजतो, दगडाची बाहेर आलेली धार धरून नव्हे, याचे कारण हेच आहे.

तरुणपणी मी याचे उत्तर सूत्राने देत असे. सतराव्या शतकातल्या ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदाने असा विचार मांडला, की सपाटीवर माणसाचे एक पाऊल चोवीस इंचांचे पडते, पण उभ्या शिडीवर ते बारा इंचच चढते. म्हणजे एक इंच चढणे हे दोन इंच चालण्याइतके महाग पडते, आणि म्हणून दोन वेळा उंची अधिक एक वेळ रुंदी यांची बेरीज एका पावलाइतकी यावी. त्याचा इंच आपल्या इंचापेक्षा थोडा मोठा होता. आज आम्ही ही बेरीज साधारण 600 ते 640 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतो. माझ्या 170 आणि 275 ची बेरीज 615 येते. मी ती वहीत लिहून दाखवत असे आणि विषय संपला असे समजत असे. परंतु वाड्यातला जिना, समजा 225 उंच आणि 160 रुंद, याच सूत्रात घातला तर बेरीज 610 येते. सूत्र त्यालाही पास करते. ते पावलाच्या लांबीचा हिशेब ठेवते, पाऊल पायरीवर मावते की नाही हे त्याला कळत नाही. उंची आणि रुंदीच्या मर्यादा आधी पाळायच्या आणि मग त्यांच्या आत हे सूत्र वापरायचे, एवढाच त्याचा अधिकार आहे. त्या वेळच्या मला हे माहीत नव्हते असे नाही, पण बेरीज जमली की त्याला पुरे वाटत असे.

आणि तरीही, इतके सगळे बरोबर करून, माझ्याच घरातला जिना चुकला.

मंगळवार पेठेतले आमचे घर मी स्वतः आखले. अठरा पायऱ्या, प्रत्येकी 170, रुंदी 275. नकाशावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. राहायला गेल्यानंतर पाच वर्षांनी, एका सकाळी, आई वरच्या खोलीतून गोधड्यांची चळत घेऊन खाली यायला निघाली. दोन्ही हात गुंतलेले होते आणि पाय दिसत नव्हते. मजल्यावरून पहिले पाऊल खाली टाकताना तिचा तोल गेला आणि ती लँडिंगपर्यंत घसरत आली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, काठीने चालू लागली, पण त्यानंतर ती कधीही वर गेली नाही. दवाखान्यात तिने मला एवढेच सांगितले, की ती पायरी पहिल्यापासूनच खोल लागते, म्हणून ती रोज भिंतीला हात लावून उतरत असे. पाच वर्षे तिचा हात ही गोष्ट सांगत होता आणि मी तो वयाचा भाग समजत होतो.

त्या रात्री घरी येऊन मी टेप लावला. सर्वांत खालची पायरी 135 भरली. मधल्या सगळ्या 170, एकही इकडेतिकडे नाही. सर्वांत वरची 205.

गवंड्याला बोलावले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सायेब, तुम्ही नकाशात सतरा सेंटिमीटर लिवलं हुतं. मी समदीकडं सतराच टाकलंय.” तो खरे बोलत होता. त्याने काँक्रीट सारखे ओतले होते. त्यानंतर दोन्ही मजल्यांवर फरशीखालचा बेड आणि फरशी मिळून 75 मिलिमीटरचा थर चढला, आणि पायऱ्यांवर व लँडिंगवर मसाला आणि कडप्पा मिळून 40 चा. खालची जमीन 75 ने वर आली आणि पहिली पायरी 40 नेच वर आली, म्हणून तिथे 35 कमी झाले. वरचा मजला 75 ने वर गेला आणि त्याच्या खालची पायरी 40 ने, म्हणून तिथे 35 वाढले. मधल्या प्रत्येक पायरीवर सारखाच थर बसला, म्हणून मध्ये काहीही कळले नाही.

पस्तीस मिलिमीटर म्हणजे दीड इंचही नाही. पण जिन्यावर माणूस प्रत्येक पायरी बघून पाय टाकत नाही. एक-दोन पायऱ्यांत पाय माप शिकतात आणि पुढे त्याच मापाने पडत राहतात. मजल्याच्या काठावरून उतरणारे पाऊल रोजच्या सवयीने 170 वर आधार शोधते. तो तिथे नसतो आणि तेवढ्यात शरीराचे वजन पुढे गेलेले असते. म्हणूनच सगळ्या पायऱ्या 185 च्या असलेला जिना दमवतो, पण मधल्या सगळ्या 170 च्या आणि वरची एकच 205 ची असलेला जिना पाडतो. आजचा मी दोन पायऱ्यांसाठी भांडतो, पण त्याहून जास्त भांडतो ते या सारखेपणासाठी. कुठल्याही दोन पायऱ्यांच्या उंचीत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर मी ते काम चुकलेले धरतो.

नकाशा माझा होता आणि त्यावर 170 हे तयार माप आहे की काँक्रीटचे, हे लिहिलेले नव्हते. अनेक वर्षे मी स्वतःशी असा वाद घालत होतो, की अनुभवी गवंड्याला हे कळायला हवे होते, सगळेच असे नकाशे देतात. आजही हा वाद पूर्ण मिटला आहे असे म्हणवत नाही, पण ज्याला बेरीज-वजाबाकी आधी करता आली असती तो मी होतो.

दुरुस्ती मात्र वाटली त्यापेक्षा सरळ निघाली. नीट पाहिले तर प्रत्येक पायरी चुकलेली नव्हती. दोन मजल्यांच्या मध्ये सगळा जिनाच 35 मिलिमीटर खाली बसला होता. म्हणून लँडिंगसह सतराही पायऱ्यांवर 17 चा मसाला आणि 18 चा दगड असा नवा थर घातला. खालची 170 झाली, वरची 170 झाली, मधल्या होत्या तशाच राहिल्या. कठडा पायऱ्यांच्या मानाने तेवढाच ठेंगणा झाला, तो उंच करून घेतला. आई खालच्या खोलीत बसून दगड कापल्याचा आवाज ऐकत होती.

तेव्हापासून मी सेंट्रिंग लावण्याआधी फरशीची आणि पायरीच्या दगडाची जाडी मालकाकडून ठरवून घेतो, पाण्याच्या नळीने दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीच्या रेषा भिंतीवर मारतो आणि पायऱ्या त्या रेषांपासून मोजून घेतो. आमच्या घराच्या मापात त्याचा अर्थ असा होतो, की काँक्रीटची पहिली पायरी 205, शेवटची 135 आणि मधल्या 170. हे पाहून जवळजवळ प्रत्येक कामावरून फोन येतो, की पहिली पायरी फार उंच झाली आहे. दोनदा तर मी पोहोचण्याआधीच ती “सरळ” करून टाकलेली होती. आणि मालकाने आयत्या वेळी जाड फरशी पसंत केली तर सगळा हिशेब पुन्हा बदलतो.

तुमच्या घरातला जिना तपासायचा असेल तर खालची, मधली आणि वरची अशा तीन पायऱ्यांची उंची टेपने मोजा. जिथे घरातली माणसे न सांगता भिंतीला हात लावतात, ती पायरी आधी मोजा.

आता धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवायच्या म्हणतो आहे. चिकटवण्याच्या थरासह 12 मिलिमीटर वाढतील, म्हणजे वरची पायरी पुन्हा 182 होईल. जुनी फरशी उखडायची तर घरभर धूळ होईल आणि खर्च दुप्पट होईल. जिन्यावर आणखी 12 चढवले तर खालची पायरी तेवढी वाढेल. तो म्हणतो, बारा मिलिमीटरने काय होते. टाइल्स पंधरा दिवसांपासून जिन्याखाली ठेवलेल्या आहेत.