एक कामगार, दोन साहेब : उदाहरणावरून तत्त्व ओळखताना

व्यवस्थापनाच्या पेपरात छोटा प्रसंग देऊन ‘यात कोणते तत्त्व दिसते?’ असे विचारतात. फ्रेंच व्यवस्थापन विचारवंत फेयॉलची चौदा तत्त्वे मला क्रमाने पाठ होती, कामाचे शास्त्रीय मोजमाप करणारा अमेरिकन अभियंता टेलर याची तंत्रेही पाठ होती. तरी सराव परीक्षेत अशा दहांपैकी चार प्रश्न माझे चुकले. त्यातला एक अजून आठवतो.

लेथवर काम करणाऱ्या कामगाराला उत्पादन प्रमुख सांगतो, ‘वेग वाढव, ऑर्डर वेळेत गेली पाहिजे.’ तासाभराने गुणवत्ता प्रमुख येऊन सांगतो, ‘वेग कमी कर, माल नापास होतोय.’ कामगार गोंधळतो. मी उत्तर लिहिले ‘कार्यात्मक फोरमनशिप’. दोन विषयांचे दोन तज्ज्ञ दिसले आणि मला टेलर आठवला. बरोबर उत्तर होते आदेशाच्या एकतेचा, म्हणजे ‘एका माणसाला एकच साहेब’ या फेयॉलच्या तत्त्वाचा, भंग.

हे मला पटेना, म्हणून दोघांची मांडणी पुन्हा नीट वाचली. टेलरने फोरमनचे काम आठ जणांत वाटले. चौघे नियोजनाच्या बाजूला आणि चौघे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. या दुसऱ्या चौघांत वेगावर लक्ष ठेवणारा वेगळा, तपासणी करणारा वेगळा, दुरुस्ती पाहणारा वेगळा. कामगार आठही जणांचे ऐकतो, पण ज्याचा विषय त्याचेच. वेगाबद्दल बोलायचा अधिकार एकालाच. माझ्या प्रश्नात मात्र दोन्ही साहेब एकाच गोष्टीवर, वेगावर, उलटसुलट हुकूम देत होते. ती टेलरची रचना नव्हेच. फेयॉलला तर विषय वेगळे असले तरी दोन साहेब मान्य नव्हते. १९१६ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने टेलरच्या याच कल्पनेवर आक्षेप घेतला आहे. दोघांमधला हा खरा मतभेद आहे, आणि मला वाटते प्रश्न काढणारे मुद्दाम इथेच बोट ठेवतात.

तेव्हापासून मी पहिल्यांदा प्रसंगाचा सूर पाहते. नियम ठरवून अनेक तज्ज्ञ नेमले आहेत असे वर्णन असेल तर कार्यात्मक फोरमनशिप. दोन हुकमांमुळे गोंधळ, टाळाटाळ किंवा भांडण झाले असेल तर आदेशाची एकता मोडली आहे. तत्त्व पाळले की मोडले, हेही उत्तरात लिहावे लागते. नुसते नाव लिहून मी अर्धे गुण घालवले होते.

दुसरी चूक ‘एक प्रमुख’ या शब्दांनी करवली. कंपनी साबण आणि वह्या बनवते. दोन्हींसाठी स्वतंत्र विभाग केले, प्रत्येकाला एक प्रमुख आणि एक आराखडा दिला. मी पुन्हा आदेशाची एकता लिहिले. आता मी विचारते, एक कोणासाठी? एका माणसाला एक साहेब असेल तर आदेशाची एकता. एकाच उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना असेल तर दिशेची एकता. साबणाच्या प्रसंगात कुठल्याही कर्मचाऱ्याला कोण हुकूम देतो याचा उल्लेखच नव्हता, सगळे बोलणे कामांच्या गटाबद्दल होते.

हत्यारांच्या प्रश्नात मात्र टेलरच्याच एका कामाने वाट दाखवली. बेथलेहेम स्टील कंपनीत मजूर एकाच फावड्याने हलका कोळसाही उचलत आणि जड लोहखनिजही. टेलरने प्रयोग करून पाहिले, तेव्हा एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो वजन असले की दिवसाचे काम सर्वाधिक होते असे त्याला आढळले. मग हलक्या मालासाठी मोठे फावडे आणि जड मालासाठी लहान फावडे, अशी मापे ठरवली गेली. हे प्रमाणीकरण. हीच फावडी रोज शोधावी लागतात म्हणून प्रत्येकाची जागा नेमून दिली, असा प्रसंग आला तर ते फेयॉलचे सुव्यवस्थेचे तत्त्व. वस्तू एकच आहे. एकात ती कशी असावी हे मोजून ठरवले, दुसऱ्यात ती कुठे असावी हे ठरवले.

एक जोडी मात्र अजून वेळ खाते. टेलरचा ‘संघर्ष नव्हे, सुसंवाद’ आणि फेयॉलची संघभावना. प्रसंगात मालक आणि कामगार यांच्यातले वैर मिटून दोघांचे हित एक झाले असेल तर मी टेलर लिहिते. माणसे ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणू लागली असतील तर फेयॉल. पण काही प्रसंगांत दोन्ही धागे असतात. तिथे मी प्रसंगातलेच एक वाक्य उचलून त्याच्या आधारे उत्तर देते.

पुढच्या परीक्षेत लेथचाच प्रश्न थोडा बदलून आला. या वेळी एक साहेब फक्त वेगाबद्दल बोलत होता, दुसरा फक्त दुरुस्तीबद्दल, आणि कामगाराला कोणाचे काय ऐकायचे हे लेखी कळवलेले होते. मी ‘कार्यात्मक फोरमनशिप, तत्त्व पाळले’ लिहिले, कारण म्हणून ते लेखी कळवल्याचे वाक्य उतरवले, आणि पुढे एका ओळीत जोडले की फेयॉलच्या मते इथेही आदेशाची एकता मोडते. पूर्ण गुण मिळाले.