आमची वाटचाल: बिडाच्या फ्लायव्हीलपासून भोक नसलेल्या डिस्कपर्यंत

आमचं वर्कशॉप छोटंच आहे, दोन मोठे लेथ, एक व्हर्टिकल टर्निंग आणि एक बॅलन्सिंग मशीन, आणि सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही फक्त बिडाचे फ्लायव्हील करायचो, प्रेसचे, डिझेल इंजिनचे. त्या कामात स्पीडचा विचार कोणी फारसा करत नाही कारण एक जुना नियम सगळ्यांना पाठ असतो की बिडाच्या रिमचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास ठेवा. ४०० मिलिमीटरचं चाक १५०० आरपीएमला बरोबर तिथेच येतं, ३१ मीटर. त्यामुळे कास्टिंग आलं, टर्निंग केलं, शाफ्टसाठी मधे भोक म्हणजे बोअर काढला, त्यात चावीची खाच म्हणजे की-वे मारला, बॅलन्स केलं आणि पाठवलं, विषय संपला.

मग एक टेस्ट रिग बनवणारी पार्टी आली. त्यांना तसंच चाक हवं होतं, ४०० व्यासाचं, ५० जाड, मधे ६० चा बोअर, फक्त फिरणार होतं ८००० आरपीएमला. आणि त्यांच्या इंजिनिअरने पहिल्याच मीटिंगमधे सांगितलं की जास्त स्पीड आहे ना, मग जाडी वाढवा, ७५ करा. इथून आमचं खरं शिक्षण सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

कारण जाडीचा इथे काहीच संबंध नाही. डिस्क फिरते तेव्हा तिचं स्वतःचं वजनच तिला बाहेर ओढतं, जाडी दीडपट केली तर ओढणारं वजन दीडपट आणि ते धरून ठेवणारं मटेरियल पण दीडपट, म्हणजे स्ट्रेस तेवढाच राहतो. बदल होतो तो घनतेने, व्यासाने आणि स्पीडने, त्यातही व्यास आणि स्पीड दोन्ही वर्गात येतात, स्पीड दुप्पट की स्ट्रेस चौपट. सपाट डिस्कला मधे छोटा बोअर असेल तर बोअरच्या कडेला गोलाकार दिशेचा ताण, ज्याला हूप स्ट्रेस म्हणतात, तो साधारण असा येतो:

σ = (3+ν)/4 × ρω²R²

यात ρ म्हणजे घनता, ω म्हणजे रेडियन प्रति सेकंदातला स्पीड, R म्हणजे डिस्कची बाहेरची त्रिज्या आणि ν म्हणजे मटेरियलचा पॉयसन रेशो. आणि मधे भोकच नसेल तर मध्यभागी याच्या बरोबर निम्मा, चाराच्या जागी आठ. भोक किती बारीक आहे याने फरक पडत नाही, सुईएवढं असलं तरी कडेला दुप्पट होतो. हे पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या फोरमनने मान हलवली होती, त्याचं म्हणणं एवढ्याशा भोकाने मटेरियल किती कमी होतं असं. मटेरियल कमी होतच नाही, पण भरीव डिस्कच्या मध्यावर ओढ सगळ्या बाजूंनी सारखी असते आणि भोक पाडलं की त्या कडेला त्रिज्येच्या दिशेने धरायला कोणी राहत नाही, सगळं गोलाकार दिशेवर येतं.

आता आकडे घालून बघू. स्टीलची ही डिस्क ३००० आरपीएमला बोअरपाशी जेमतेम २६ मेगापास्कल सोसते, आणि ८००० ला १८३. आम्ही सी४५ स्टील घेणार होतो, सर्टिफिकेटवर यील्ड, म्हणजे मटेरियल कायमचं ताणलं जायला लागतं तो ताण, ३४० आणि तुटायची ताकद ६२०. म्हणजे बोअर यील्ड व्हायला लागणार साधारण १०,९०० आरपीएमला. पण यील्ड झालं म्हणजे डिस्क फुटली असं नाही. स्टील न तुटता ताणलं जातं, बोअरपाशी थोडं वाहतं आणि ताण बाहेरच्या भागावर ढकलतं, मग फुटण्यासाठी डिस्क मधून कापली तर त्या पूर्ण छेदावरचा सरासरी हूप स्ट्रेस तुटायच्या ताकदीपर्यंत जावा लागतो. तो सरासरी ताण बोअरच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे हिशोबाने बर्स्ट स्पीड २१,००० च्या पुढे येतो, त्यातून थोडी सूट काढून आम्ही २०,००० धरला.

बिडात हे होत नाही. साधं ग्रे बीड, २०० मेगापास्कलचं, वाहत नाही, सर्वात जास्त ताण असलेल्या जागी चिरतं आणि जातं. तेच चाक बिडाचं केलं तर कागदावर ८८०० ला फुटेल, आणि बोअरमधे की-वे मारला तर त्याच्या कोपऱ्यात ताण तिप्पटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ५००० च्या आसपासच खेळ खलास, कास्टिंगमधे ब्लोहोल असलं तर त्याच्याही आधी. तेव्हा कुठे मला कळलं की ३० मीटरचा तो नियम एवढा घाबरट का आहे.

फुटलं तर काय होतं हेही एकदा काढून बघितलं. ८००० ला या ४८ किलोच्या डिस्कमधे साधारण ३४६ किलोज्यूल ऊर्जा असते, १२०० किलोची कार ताशी ८६ किलोमीटरने जाताना असते तेवढी, आणि ती दोन-तीन तुकड्यांत वाटली जाते. पत्र्याचं गार्ड म्हणजे नुसतं रंगरंगोटीचं काम, जाड स्टीलची रिंगच लागते.

पण गंमत म्हणजे आमची अडचण फुटण्यात आलीच नाही, फिटमधे आली. की-वे नको म्हणून आम्ही प्रेस फिट ठरवला, ड्रॉइंगवर एच७-एस६, म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा २३ ते ७२ मायक्रॉन मोठा. ठीक दिसतं. पण १८३ मेगापास्कलला ६० चा बोअर फिरता फिरता ५३ मायक्रॉनने उघडतो, शाफ्ट बारीक असल्याने तो फारसा वाढत नाही. म्हणजे बऱ्याच जोड्यांमधे फुल स्पीडला चाक शाफ्टवर मोकळंच! हे ओळखायची खूण पण सांगतो, कमी स्पीडला बॅलन्स एकदम छान येतो, वर गेलं की व्हायब्रेशन अचानक वाढतं, खाली आणून परत मोजलं तर अनबॅलन्सची जागा बदललेली असते. लोक मग बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतात.

फिट घट्ट करणं हा उपाय वाटतो पण ते महागात पडतं. १०० मायक्रॉन धरले तर उभ्या चाकातच बोअरला १७५ मेगापास्कल आले, फिरताना दोन्ही मिळून २६५ च्या आसपास, आणि वर शाफ्टचा दाब वेगळा, यील्डच्या अगदी जवळ. मी ते नाकारलं. त्याऐवजी डिस्क आणि दोन्ही बाजूंचे शाफ्टचे तुकडे एकाच फोर्जिंगमधून काढले, मधे भोकच नाही, मध्यावरचा ताण ९१ वर आला आणि फिटचा प्रश्नच मिटला. फक्त एक गोष्ट, फोर्जिंगमधे पोकळी राहायची सगळ्यात जास्त शक्यता मध्यभागीच असते आणि आता जास्तीत जास्त ताणही तिथेच, त्यामुळे अल्ट्रासॉनिक टेस्ट झाल्याशिवाय आम्ही लेथवर चढवतच नाही. शाफ्ट आणि डिस्कच्या कोपऱ्याला मोठी त्रिज्या द्यायची, तिथे टूलची धार राहता कामा नये, हे ऑपरेटरला दर वेळी सांगावं लागतं.

आज आमची निम्मी कामं याच प्रकारची आहेत. प्रत्येक डिस्क चालायच्या स्पीडच्या २० टक्के वर फिरवून मग देतो, या डिस्कला ९६००, आणि बोअरवाली असेल तर स्पिनच्या आधी आणि नंतर बोअर मोजतो, थंड झाल्यावर. कायमचा मोठा झालेला दिसला तर मटेरियल सर्टिफिकेटवरचं नाही असं समजून ती डिस्क बाजूला. मागच्या महिन्यात एकाने ४०० व्यासात १६,००० मागितले, त्याला २०० व्यासाचं ड्रॉइंग पाठवलं, रिमचा वेग आमच्या ८००० वाल्या डिस्कएवढाच, ताणही तेवढाच, ऊर्जा मात्र तिच्या चौथाई. त्याला त्या ८००० वाल्या डिस्कएवढी पूर्ण ऊर्जाच हवी होती, मग तेवढ्याच व्यासात जाडी चौपट केली, आणि या वेळी जाडी वाढवा हे मीच म्हणालो.