पाच ओळींचा मेल

पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत मी युटिलिटी विभागात शिफ्ट इन-चार्ज होतो. बॉयलर, वाफेच्या लाईनी, कॉम्प्रेसर हे सगळं माझ्या ताब्यात. त्या दिवशी सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनी आमच्या एका फिटरचा डावा हात मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत भाजला.

काम रोजचंच होतं. वाफेच्या लाईनवरचा एक स्टीम ट्रॅप बदलायचा होता. लाईनमध्ये वाफ थंड होऊन जे पाणी साचतं ते ट्रॅप बाहेर सोडतो आणि वाफ आत राखतो. ट्रॅपच्या अलीकडे एक आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि पलीकडे एक, अशी रचना. अलीकडचा व्हॉल्व्ह आणि ट्रॅप यांच्यामध्ये एक छोटा ब्लीड असतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, ब्लीड उघडून मधला दाब आणि पाणी काढायचं, मग फ्लँज खोलायचा. फिटरने दोन बोल्ट सैल केले, तिसऱ्याला पाना लावला आणि फटीतून गरम पाणी वाफेसकट उसळलं. त्या लाईनवर साडेतीन किलोचा दाब असतो. एवढ्या दाबात पाणी 100 अंशांच्या बरंच वर, साधारण 148 अंशांपर्यंत जाऊनही पाणीच राहतं. फ्लँज सैल झाला की त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होऊन बाहेर फेकलं जातं. त्याच्या हातात चामडी मोजे होते, पण मोजा आणि बाही यांच्यामधला हात उघडा होता.

वीस मिनिटं हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला, मग गाडीतून हॉस्पिटल. डॉक्टरांनी सांगितलं की फोड आलेत, खोल नाही, पण काही आठवडे कामावर यायचं नाही. तेव्हाच्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 88 प्रमाणे 48 तास किंवा त्याहून जास्त काम बंद ठेवणाऱ्या दुखापतीची सूचना सरकारी कार्यालयाला द्यावी लागे. म्हणजे प्लांट मॅनेजरांच्या हातात अहवाल त्याच दिवशी जाणं भाग होतं.

दुपारी सेफ्टीच्या सरांनी फिटरच्या मदतनिसाचा आणि माझा जबाब घेतला. फिटरचा जबाब हॉस्पिटलमध्ये जाऊन घेतला. फोटो, परमिटची प्रत, जबाब असा सहा पानांचा प्राथमिक अहवाल तयार झाला. तो पाठवायचं काम विभागाचं, म्हणजे माझं. मी जबाब न वाचताच मेल लिहायला बसलो. आमचे मेल इंग्रजीत असत, पण अर्थ असा होता:

"सर, आज सकाळच्या दुर्दैवी घटनेचा अहवाल सोबत जोडला आहे. प्रथमदर्शनी फिटरने लाईन रिकामी झाल्याची खात्री न करता फ्लँज खोलल्याचे दिसते. याबाबत योग्य ती समज देण्यात येईल."

सीसीमध्ये मेंटेनन्स हेड आणि एचआर. पाठवण्याआधी सेफ्टीच्या सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "खात्री केली नाही, हे तू कशावरून लिहिलंस?"

मी म्हटलं, "ब्लीड उघडला असता तर पाणी आधीच निघून गेलं असतं ना, सर."

"चल, बघून येऊ."

जागा पट्टी बांधून तशीच ठेवलेली होती. सरांनी बॅटरी मारली. ब्लीडचा बॉल व्हॉल्व्ह होता आणि त्याचं हँडल पाइपाला समांतर होतं. समांतर म्हणजे उघडा. मी खाली वाकून बघितलं. त्या नळीच्या तोंडाशी जमीन कोरडी होती, नुसता गंजाचा जुना तांबडा डाग.

"त्याच्या जबाबात हेच आहे," सर म्हणाले. "पान 2. ब्लीड उघडला, काही आलं नाही, म्हणून लाईन रिकामी समजलो. आणि परमिटवर 'दाब काढला' या रकान्यात टिक कोणाची आहे?"

माझी होती. सकाळी मीही तेच बघितलं होतं: हँडल समांतर, पाणी नाही. आणि संध्याकाळी मीच त्याच्यावर बोट ठेवत होतो. मुद्दाम नव्हे, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण घटनेत ज्याची सही अडकलेली असते त्याची लेखणी नकळत स्वतःला सोडवू पाहते.

परत येऊन मेल पुन्हा लिहिला:

"विषय: प्राथमिक घटना अहवाल, स्टीम ट्रॅप बदलताना भाजण्याची दुखापत, युटिलिटी विभाग.
सर, आज 10:40 च्या घटनेचा सहा पानी अहवाल सोबत जोडला आहे.
जखमी कामगार हॉस्पिटलमध्ये आहे. वैद्यकीय कागद पान 5 वर.
कामाच्या परमिटवर एरिया इन-चार्ज म्हणून माझी सही आहे.
या लाईनवरच्या इतर तीन ट्रॅपचे काम थांबवले आहे, जागा जशी होती तशी ठेवली आहे.
कारणांचा तपास अजून झालेला नाही. तपास समितीसाठी आपला आदेश हवा."

"दुर्दैवी" गेलं. "प्रथमदर्शनी" गेलं. हा शब्द सर्वांत फसवा, कारण मत मांडायचं पण जबाबदारी घ्यायची नाही अशी सोय त्यात आहे. काम थांबवल्याची ओळ मात्र सरांनी हट्टाने ठेवायला लावली. मत नको म्हणजे गप्प बसा असं नव्हे. जे केलं आहे आणि वाचणाऱ्याला आज रात्रीच कळायला हवं ते लिहायचंच. माझं मत तपास समितीपुढे, माझ्या नावासह नोंदवायला जागा होतीच.

सरांनी आणखी दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक म्हणजे सीसीमधला एचआर. चौकशी सुरू होण्याआधी एचआरला प्रत गेली की मजकूर कितीही कोरडा असो, शिस्तभंगाचा वास लागतो. नियमाने मेंटेनन्स आणि सेफ्टी यांनाच प्रत जायची, तेवढीच ठेवली. दुसरं माझ्या लक्षात कधीच आलं नसतं. जोडलेल्या फाईलचं नाव दुपारी घाईत कोणीतरी `burn_fitter_negligence_final.pdf` असं ठेवलं होतं. मेल उघडण्याआधी मॅनेजरांची नजर त्यावरच पडली असती. ते `IR_steam_trap_utility.pdf` केलं आणि सात वाजता मेल पाठवला.

रात्री नऊच्या सुमारास मॅनेजरांचं एका ओळीचं उत्तर आलं: पान 2 वर ब्लीड उघडा होता असं आहे, मग पाणी का आलं नाही?

दुसऱ्या दिवशी मुख्य लाईन बंद करून ब्लीड काढला. त्यात तार घातली तर बोटाच्या पेरापेक्षा आत जाईना. आतली भोकं गंज आणि क्षाराने गच्च भरली होती. आयसोलेशन व्हॉल्व्ह खोलला तेव्हा त्याच्या सीटवर वाफेने कापलेली बारीक खाच दिसली, म्हणजे पूर्ण बंद करूनही तो पास होत होता. वाफ झिरपत होती, पाणी साचत होतं आणि बाहेर पडायची वाट बुजलेली होती. ब्लीडमधून काही न येणं म्हणजे लाईन रिकामी, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं. त्यानंतर परमिटमध्ये ब्लीडमध्ये तार घालून तो मोकळा असल्याचं बघायची ओळ आली. इतर तीन ट्रॅपपैकी आणखी एकाचा ब्लीड तसाच बुजलेला सापडला.

फिटर पाचव्या आठवड्यात कामावर आला. हातावर गुलाबी कातडी, वर कापसाची बाही. चहाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन उभा राहिला.

"साहेब, त्या दिवशी वर काय लिहून पाठवलंत माझ्याबद्दल?"

मी मेल उघडून स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि ओळीओळीचा अर्थ सांगितला. तो सगळं ऐकून म्हणाला, "ब्लीड उघडला होता, ते यात नाही?"

मी अहवाल उघडला, पान 2 वर गेलो. त्याचेच शब्द होते, खाली त्याची उजव्या हाताने केलेली वाकडीतिकडी सही. त्याने बोट त्या ओळीवरून फिरवलं आणि चहा घ्यायला गेला.