पडद्याची दोरी

डिसेंबरात नाशिकची थंडी पडली की आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू व्हायची. भाड्याच्या पोशाखांचा डांबरगोळ्यांचा वास, ऐनवेळी हरवणारी मिशी, आणि पडदा ओढायला दरवर्षी तीच एक मुलगी. वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. स्टेजवर यायचं नाही म्हणून तिने दोरी मागून घेतली होती.

बी.एड.च्या छात्राध्यापकांना मी तिची गोष्ट अजून सांगते.

ती आठवीत होती त्या वर्षी वर्गात वादविवाद ठेवला: गोदावरीच्या पात्रातलं काँक्रीट काढावं की राहू द्यावं? बाजू चिठ्ठीने दिल्या. लाजऱ्या मुलांना ते सोपं जातं, कारण मत चिठ्ठीचं असतं, चुकलं तरी आपलं नसतं. तिच्या वाट्याला 'राहू द्यावं' आलं. आधी पाच मिनिटं जोडीत बोलायचं होतं. तिथे माझं चुकलं. वर्गातला सर्वात बोलका मुलगा तिच्या जोडीला दिला आणि त्याने पाचही मिनिटं स्वतःच खाल्ली. दुसऱ्या फेरीत नियम केला, आपला नाही, जोडीदाराचा मुद्दा मांडायचा. मग त्याला तिला विचारावंच लागलं.

तिची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पूर ओसरल्यावर गाळ काढावा लागतो." संपलं.

"छान, बस" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. उत्तरानंतरचं थांबणं तर त्याहून महत्त्वाचं, आणि तेच आपण विसरतो. मी मनात एक, दोन, तीन मोजले. मागच्या बाकावर कुणी खुसफुसलं, त्याच्याकडेही पाहिलं नाही. चौथ्याला ती बोलली.

"दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आजी फुलांच्या टोपल्या वर नेते. पाणी उतरलं की आम्ही खराट्याने गाळ ढकलतो. काँक्रीटवर खराटा चालतो, मातीवर रुततो. मग आजीने बसायचं कुठे?"

समोरच्यांनी काँक्रीटखाली बुजलेल्या झऱ्यांचं उत्तर दिलं, तेही बरोबरच होतं. पण तिने त्यांना परत विचारलं, "झरे मोकळे झाल्यावर गाळ कोण काढणार?" तिची आजी घाटावर बसते, हे मला त्या दिवशी कळलं. वर्गशिक्षिका मीच होते.

स्नेहसंमेलनात तिला निवेदन देऊ केलं, तर तिने मान हलवली. दोरीच हवी होती. नाटकाला उशीर झाला तसं एका सरांनी विंगेतून पडदा पाडायची खूण केली.

"सर, शेवटचा प्रवेश राहिलाय," ती म्हणाली. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दोरी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.